हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला काय, अखेरीस भरला काय: शेवटी किती फरक पडतो?

प्रश्न: काका, मी चोपड्याचा. पोस्टात दरमहा ५,००० ची आर.डी. काढायची आहे, ५ वर्षांची, दर ६.७ टक्के. एजंट ताईंनी ३,५६,८२९ मिळतील असं लिहून दिलं. मी कॉम्प्युटरवर काढलं तर ३,५५,१९९ येतात. हा १,६३० चा फरक कुठून आला? ताई म्हणतात महिन्याच्या सुरुवातीला भरत जा. बाबा म्हणतात, महिनाअखेर भरलं तरी तेवढेच मिळतात. माझा पगार ७-८ तारखेला होतो, बाबांचे केळीचे पैसे वर्षातून एकदाच येतात. बरोबर कोणाचं?

उत्तर:

भाऊ, ताईंचा आकडा बरोबर आहे. बाबांचं म्हणणं पोस्टापुरतं बऱ्यापैकी खरं आहे, पण इतर ठिकाणी ते चालणार नाही. आणि कॉम्प्युटरने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. तुम्ही त्याला विचारलं एक आणि पोस्ट देतं दुसरं, एवढंच. सुरुवात आणि अखेर यांतला खरा फरक तुमच्या बाबतीत १,९७० रुपये येतो. तो तुम्हाला १,६३० दिसला, कारण त्यात ३४० रुपयांची दुसरी एक गफलत उलट्या बाजूने मिसळली आहे. आधी ती बाजूला काढू.

तुम्ही बहुतेक एक्सेलमध्ये असं टाकलं असणार:

```
=FV(0.067/12,60,-5000)
```

याचं उत्तर ३,५५,१९९ येतं, म्हणून अंदाज बांधला. यात ६.७ ला थेट १२ ने भागलंय. म्हणजे दर महिन्याला ०.५५८३ टक्के व्याज, आणि त्या व्याजावर पुढच्याच महिन्यापासून व्याज. पोस्टाची आर.डी. अशी चालत नाही. तिथे चक्रवाढ दर तीन महिन्यांनी होते. तिमाहीचा दर ६.७ भागिले ४, म्हणजे १.६७५ टक्के. तीन महिन्यांत बरोबर १.६७५ टक्केच वाढ व्हायची असेल, तर महिन्याचा दर ०.५५५२ टक्के धरावा लागतो. तो ०.५५८३ पेक्षा किंचित कमी आहे. हा बदल केला की तुमचे ३,५५,१९९ उतरून ३,५४,८५९ होतात. ३४० रुपये इथे गेले. म्हणजे ताईंच्या आकड्यापासून तुम्ही आणखी लांब गेलात.

आता दुसरी गोष्ट. वरच्या सूत्राला शेवटी आणखी एक आकडा देता येतो. तो दिला नाही तर कॉम्प्युटर गुपचूप ० धरतो. ० म्हणजे हप्ता महिन्याच्या अखेरीस, १ म्हणजे सुरुवातीला. पूर्ण सूत्र असं, त्यातला १ च्या आधीचा ० म्हणजे खात्यात आधीची शिल्लक काही नाही:

```
=FV((1+0.067/4)^(1/3)-1,60,-5000,0,1)
```

याचं उत्तर ३,५६,८२९, म्हणजे ताईंनी लिहून दिलेला आकडा. शेवटच्या १ च्या जागी ० टाकून बघा, ३,५४,८५९ येतील. दोन्हींतला फरक १,९७०. पोस्ट असो की बँक, आर.डी.चे छापील तक्ते या १ वरच बांधलेले असतात, म्हणजे प्रत्येक हप्त्याला तो ज्या महिन्यात भरला त्या पूर्ण महिन्याचं व्याज धरलेलं असतं. घरी हिशेब करणाऱ्याचा आकडा तक्त्यापेक्षा थोडा कमी आला, तर दहातल्या नऊ वेळा हेच कारण निघतं. मी पतसंस्थांची व्याजपत्रकं तपासतो. तिथेही संगणकावरच्या नवीन मुलांचं पहिलं भांडण याच शून्यावरून होतं.

हे १,९७० नेमके आले कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. ते एकदा कळलं की पुढच्या वेळी कॉम्प्युटर लागणार नाही.

बहुतेक लोक असा विचार करतात: सुरुवातीला भरलं तर प्रत्येक हप्त्याला एक महिना जास्त मिळतो. ५,००० चं एका महिन्याचं व्याज २७ रुपये ७६ पैसे. असे ६० हप्ते, म्हणून १,६६६ रुपये. विचाराची दिशा बरोबर आहे, पण व्याजावरचं व्याज राहून गेलं, म्हणून उत्तर तीनशे रुपयांनी कमी पडतं.

त्यापेक्षा कागद घ्या आणि तारखा लिहा. समजा मुदत १ एप्रिल २०२६ ला सुरू झाली आणि १ एप्रिल २०३१ ला संपते. सुरुवातीला भरणाऱ्याचे हप्ते १ एप्रिल २०२६, १ मे, १ जून असे जात शेवटचा १ मार्च २०३१ ला पडतो. अखेरीस भरणाऱ्याचे हप्ते ३० एप्रिल २०२६, ३१ मे, ३० जून असे जात शेवटचा ३१ मार्च २०३१ ला पडतो. आता या दोन रांगा शेजारी ठेवा. एकाचा १ मे आणि दुसऱ्याचा ३० एप्रिल, मध्ये फक्त एक रात्र आहे. एकाचा १ जून, दुसऱ्याचा ३१ मे. तेही तसंच. व्याजाच्या हिशेबात या जोड्या एकच धरा. अशा ५९ जोड्या जुळतात. दोघांचे ५९ हप्ते एकाच वेळी पडलेत, तिथे फरक शून्य.

मग उरलं काय? सुरुवातीला भरणाऱ्याचा अगदी पहिला हप्ता, १ एप्रिल २०२६ चा, ज्याला जोडीदार नाही. आणि अखेरीस भरणाऱ्याचा अगदी शेवटचा हप्ता, ३१ मार्च २०३१ चा, त्यालाही जोडीदार नाही. पहिल्याला पूर्ण ५ वर्षांचं व्याज मिळालं. दुसऱ्याला काहीच नाही, आज भरला आणि उद्या परत घेतला. म्हणून संपूर्ण फरक म्हणजे एकाच हप्त्याचं पूर्ण मुदतीचं व्याज. ५,००० रुपये ६.७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, ५ वर्षांत ६,९७० होतात. वरचे १,९७० हाच तुमचा फरक.

कुठल्याही हप्त्यांच्या योजनेत एवढंच करा: एक हप्ता एकरकमी ठेव म्हणून पूर्ण मुदतीसाठी ठेवला असता तर किती व्याज मिळालं असतं, ते काढा. सुरुवात-अखेर यांतला फरक तेवढाच. पडताळा दुसऱ्या बाजूनेही घेता येतो. अखेरीस भरणाऱ्याच्या ३,५४,८५९ वर एका महिन्याचं ०.५५५२ टक्के व्याज काढा, पुन्हा १,९७० च येतात. अखेरीस भरणाऱ्याची रक्कम आणखी एक महिना तशीच पडू दिली तर ती सुरुवातीला भरणाऱ्याच्या रकमेएवढी होते. साहजिकच आहे, दुसरी रांग ही पहिलीच रांग आहे, एक महिना पुढे सरकलेली.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. टक्क्यांत बघितलं तर फरक मुदत कितीही असो तेवढाच राहतो, एका महिन्याच्या दराएवढा, इथे अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. रुपयांत मात्र तो मुदतीबरोबर वाढतो. तुमच्याच ५,००० च्या हप्त्याला एका वर्षात ३४४ रुपये, ५ वर्षांत १,९७०, आणि हाच दर १० वर्षं धरला तर ४,७१७. म्हणून वर्षभराच्या आर.डी.साठी कोणी तारखेवरून डोकं पिकवत असेल तर मी त्याला चहा पाजतो आणि विषय बदलतो. १५-२० वर्षं चालणाऱ्या खात्याला मात्र ही गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी.

आता बाबांकडे येऊ. आमच्याकडे येणारे एक म्हातारे शेतकरी हेच म्हणायचे, "पैसा तोच शे ना, तारीख काय करस?" तारीख काय करते, ते योजनेच्या नियमावर ठरतं, आणि पोस्टाच्या आर.डी.त ती महिन्याच्या आत फारसं काही करत नाही.

नियम असा आहे. खातं महिन्याच्या १ ते १५ तारखेत उघडलं, तर दर महिन्याचा हप्ता त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. १६ किंवा त्यानंतर उघडलं, तर महिन्याच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. या मुदतीत तुम्ही हप्ता १ ला भरा की १४ ला, व्याज तेच, शेवटची रक्कम तीच. १६ नंतर खातं उघडलेल्या माणसाने हप्ता ३० तारखेला भरला, तरी त्याला तक्त्यातले ३,५६,८२९ च मिळणार. बाबांचं म्हणणं इथे खरं ठरतं. ताईंचंही चुकत नाही. त्यांना घरोघरचे हप्ते गोळा करायचे, यादी तयार करायची, मुदतीच्या आत खिडकीवर भरायचे, त्यामुळे त्या "सुरुवातीला द्या" म्हणणारच. पण तुम्ही १ तारखेला दिलेत म्हणून तुमची रक्कम वाढते असं नाही.

एक मात्र बघत जा. ताईंनी पैसे कधी घेतले ते महत्त्वाचं नाही, खात्यात कधी जमा झाले ते महत्त्वाचं. ताईंच्या पावतीवर ९ तारीख असेल आणि पासबुकात १७, तर पोस्ट १७ च धरणार. दोन-तीन महिन्यांतून एकदा पासबुकावर नोंदी करून घ्या आणि तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवा.

मुदत चुकली तर काय होतं, तेही आकड्यात सांगतो, कारण इथे लोक गाफील राहतात. हप्ता थकला की दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड. ५,००० च्या हप्त्याला ५० रुपये. त्याच हप्त्याचं महिन्याचं व्याज आहे २७ रुपये ७६ पैसे. म्हणजे एक हप्ता महिनाभर रखडला तर त्या महिन्याच्या व्याजाच्या जवळजवळ दुप्पट दंड गेला. वर्षातून चार-पाच वेळा असं झालं, तर पाच वर्षांत हजार ते साडेबाराशे रुपये त्यातच जातील. आणि लागोपाठ चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. पोस्टाच्या आर.डी.त सुरुवात की अखेर यापेक्षा "मुदतीत की मुदतीबाहेर" हाच खरा प्रश्न आहे.

बाबांचा नियम जिथे आपटतो ते ठिकाण म्हणजे पीपीएफ. तुमचं खातं असेल किंवा पुढे काढणार असाल, तर हे लक्षात ठेवा. पीपीएफमध्ये त्या महिन्याचं व्याज ५ तारीख संपतानापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर मिळतं. ५ तारखेपर्यंत भरलेल्या पैशाला तो महिना मिळतो. ६ तारखेला भरलेल्याला नाही, त्याचं व्याज पुढच्या महिन्यापासून. सुकन्या समृद्धीलाही हीच ५ तारीख आहे. म्हणजे या खात्यांत महिन्याची सुरुवात ५ तारखेला संपते, आणि ६ पासून सरळ "अखेर" लागते. तुमचा पगार ७-८ ला होतो, म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी नुसती ऐकून सोडायची नाही.

५,००० दरमहा, दर ७.१ टक्के धरू. पीपीएफमध्ये वर्षभराचं व्याज ३१ मार्चला एकदाच जमा होतं, वर्षाच्या आत साधं व्याज चालतं. दर महिन्याला ५ तारखेच्या आत भरलं तर एप्रिलच्या हप्त्याला १२ महिने, मेच्या हप्त्याला ११, असं करत मार्चच्या हप्त्याला १. बेरीज ७८ महिने. ५,००० वर ७८ महिन्यांचं व्याज २,३०७ रुपये ५० पैसे. ८ तारखेला भरत गेलात तर एप्रिलला ११, मेला १०, मार्चला ०. बेरीज ६६. व्याज १,९५२ रुपये ५० पैसे. फरक ३५५ रुपये, म्हणजे ५,००० चं वर्षभराचं व्याज. वरचा नियम इथेही तसाच उतरला. १५ वर्षं हाच दर राहिला असं धरलं तर फरक ८,९९० रुपयांच्या आसपास जातो, आणि तोही फक्त तीन दिवसांच्या उशिरापायी.

यावर तुम्ही म्हणाल, पगारच ८ ला होतो, तर ५ ला भरू कुठून? उपाय सोपा आहे. ८ एप्रिलचा पगार ८ एप्रिललाच भरा किंवा ४ मेपर्यंत बचत खात्यात ठेवून मग भरा, पीपीएफला दोन्ही सारखेच, मेपासूनच व्याज. "सुरुवातीला" भरणारा व्हायचं तर कुठून तरी एकदाच ५,००० रुपये आगाऊ काढून पहिल्या ५ एप्रिलच्या आत भरायचे. त्यानंतर प्रत्येक महिन्याचा हप्ता मागच्या महिन्याच्या पगारातून जातो. दर महिन्याला धावपळ करायची नाही, फक्त पहिल्याच वेळी एक हप्ता आधी टाकायचा. ५९ जोड्यांच्या हिशेबात आपण हेच बघितलं होतं, सगळा फरक त्या बिनजोडीच्या पहिल्या हप्त्याचा.

तो ७८ आणि ६६ चा आकडा पाठच करून ठेवा. आपल्या खान्देशात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकीची व्याज काढायची पद्धत वेगळी. काही ठिकाणी पहिल्या वर्षाला महिन्यांच्या बेरजेवर साधं व्याज देतात, काही ठिकाणी दरमहा चक्रवाढ, काही ठिकाणी हप्ता जमा झालेल्या तारखेपासून दिवसांवर. दर किती, हे फलकावर मोठ्या अक्षरात असतं. सुरुवातीचं धरता की अखेरीचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. खिडकीवर इतकंच विचारा: "वर्षाच्या आवर्ती ठेवीला ७८ महिन्यांचं व्याज देता की ६६ चं?" जुना हिशेबनीस असेल तर लगेच हसेल आणि सांगेल.

त्याला प्रश्नच कळला नाही, तर त्यांचा तक्ता मागून घ्या आणि १,००० रुपयांची १२ महिन्यांची ओळ बघा. समजा दर ९ टक्के आहे. १२,५८५ लिहिले असतील तर साधं व्याज, ७८ महिन्यांचं. १२,४९५ असतील तर साधं, ६६ चं. १२,६०१ असतील तर दरमहा चक्रवाढ आणि हप्ता सुरुवातीचा. १२,५०८ असतील तर दरमहा चक्रवाढ आणि हप्ता अखेरचा. फलकावर दर एकच, पण हातात चार वेगळ्या रकमा. दुसरी एक खूण म्हणजे शेवटच्या हप्त्याची तारीख. शेवटचा हप्ता आणि ठेव परत मिळण्याची तारीख यांत पूर्ण महिना असेल तर सुरुवातीचा हिशेब. शेवटचा हप्ता भरला की दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात, असं असेल तर अखेरचा. त्यात लबाडी नाही, एक महिना आधी सुटलात म्हणून रक्कम कमी. लबाडी तेव्हा, जेव्हा पैसे महिनाभर थांबवतात आणि हिशेब ६६ चा देतात. ते दिसलं की व्यवस्थापकाला लेखी विचारावं.

उधारीच्या बाजूला हेच गणित उलटं फिरतं, आणि तिथे ते जास्त टोचतं. हप्त्याने गाडी किंवा फ्रिज घेताना "पहिला हप्ता आत्ताच भरा" म्हणतात, ती सुरुवातीची पद्धत. १ लाख कर्ज, वर्षाला १२ टक्के, १२ हप्ते. हप्ता महिनाअखेर असेल तर ८,८८५ रुपये बसतो. पहिला हप्ता त्याच दिवशी घ्यायचा असेल तर न्यायाने तो ८,७९७ बसला पाहिजे, कारण दुकानदाराकडे पैसे महिनाभर आधी परत जाताहेत. पण बऱ्याचदा हप्ता ८,८८५ चाच ठेवतात आणि पहिला जागेवरच घेतात. मग तुमच्या हातात प्रत्यक्ष आले ९१,११५, आणि फेडायचे ११ हप्ते. त्याचा खरा दर १४ टक्क्यांच्या वर जातो. कागदावर मात्र १२ च लिहिलेला असतो. ठेव ठेवताना सुरुवात मागावी आणि कर्ज घेताना अखेर.

आता बाबांच्या केळीच्या पैशांबद्दल, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात खरी कमाई तिथे आहे आणि तुम्ही ती ओझरती लिहून सोडलीत. माल कापला की एकदम रक्कम येते आणि मग वर्षभर घरखर्चात विरघळते. पोस्टाच्या आर.डी.त हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. चालू महिना धरून ६ हप्ते एकदम भरले तर दर १०० रुपयांमागे १० रुपये, १२ हप्ते एकदम भरले तर दर १०० मागे ४० रुपये. तुमच्या ५,००० ला ६ हप्त्यांवर ५०० आणि १२ हप्त्यांवर २,००० रुपये. म्हणजे ६०,००० च्या जागी ५८,००० भरायचे आणि वर्षाचे बाराही हप्ते भरल्याची नोंद घ्यायची.

ही सूट फायद्याची आहे का, ते मघाच्याच पद्धतीने तपासू. १२ हप्ते एकदम भरले तर पहिला वेळेवरच आहे, दुसरा एक महिना आधी, तिसरा दोन, असं करत बारावा ११ महिने आधी. बेरीज पुन्हा ६६. महिन्याला २७ रुपये ७६ पैसे धरून ६६ महिन्यांचे होतात १,८३२. पोस्ट देतं २,०००, आणि तेही आत्ता, पाच वर्षांनी नाही. हेच पैसे बचत खात्यात ४ टक्क्यांवर पडून राहिले आणि तिथून दर महिन्याला हप्ता गेला, तर व्याज ११०० च्या आसपास. ६ हप्त्यांची सूटही व्याजाला मागे टाकते, १५ महिन्यांचे ४१६ विरुद्ध ५००, पण वर्षातून दोनदा ६-६ भरून एकूण १,००० च सुटतात. म्हणून जमत असेल तर एकदम १२. दर वर्षी केळीच्या पैशातून असं केलं, तर पाच वर्षांत १०,००० सुटले आणि मुदतीअखेर ३,५६,८२९ तसेच आले. तुम्ही ज्या १,६३० साठी प्रश्न विचारलात, त्याच्या सहापट.

याला एक अट आहे, ती बाबांना आधी सांगा. जितक्या महिन्यांचे हप्ते आगाऊ भरले, तितके महिने खातं मुदतीआधी बंद करता येत नाही. एरवीही ३ वर्षांच्या आत बंद होत नाही, आणि त्यानंतर बंद केलं तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. म्हणून पुढच्या लागवडीची रोपं, ठिबकची दुरुस्ती आणि खतांचे पैसे आधी बाजूला काढा. मे-जूनच्या वादळवाऱ्यात बाग आडवी झाली तर लागणारे पैसेही यात अडकवू नका. उरतील त्यातून १२ हप्ते.

खातं कधी उघडायचं, तर हप्ता पगारातून जाणार असेल तर १६ तारखेनंतर उघडा. पगार ७-८ ला, मुदत महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत, मध्ये तीन आठवडे मोकळे. पगार एखाद्या महिन्यात लांबला, ताई गावाला गेल्या, तरी ५० रुपयांचा दंड बसणार नाही. १५ च्या आत उघडलंत तर दर महिन्याला हातात एकच आठवडा राहतो, आणि त्या बदल्यात जास्तीचा एक पैसाही मिळत नाही.